फुकटातला एडिटर निवडण्याआधी तुमचीच एक क्लिप त्यातून पार करून बघा

प्रश्न: आई पाककृती करते, मी फोनवर शूट करतो. दर रविवारी दहा-बारा मिनिटांचा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचाय. लॅपटॉप आय-फाइव्ह आहे, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज आहे. एडिटिंग कधीच केलेलं नाही. फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? ज्याला विचारावं तो दाविंची रिझॉल्व्ह म्हणतो. एकदा शिकलो की निदान वर्षभर बदलायचं नाही, म्हणून आधी काय काय तपासून घेऊ?

उत्तर:

या लॅपटॉपवर शॉटकट घ्या. ते हाताला बसलं नाही तर केडेनलाइव्ह. रिझॉल्व्ह आत्ता नको. कारण पुढे सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट. नाव माझ्याकडून घेतलंत तरी तपासणी तुमच्या फोनच्या क्लिपवर आणि तुमच्याच लॅपटॉपवर व्हायला हवी. मी लग्नं, कीर्तनं, संस्थांचे कार्यक्रम असं एडिटिंग करतो. मित्राकडे जे सॉफ्टवेअर लोण्यासारखं चालतं ते दुसऱ्याच्या फोनची क्लिप टाकली की अडकतं, हे नेहमी बघतो. युट्यूबवरच्या ‘टॉप टेन फ्री एडिटर’ छाप व्हिडिओंमध्ये फीचर्सची यादी असते. तुमच्या फोनची फाइल त्यात कशी चालेल हे कुठेच नसतं.

आधी ‘फुकट’ म्हणजे काय ते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. वॉटरमार्क नाही, मुदत नाही, खातं उघडायला नको, आणि त्यात केलेला व्हिडिओ पूर्ण तुमचा, त्यावर पैसे मिळवलेत तरी. रिझॉल्व्ह हे विकत मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीचं मोफत भावंड आहे. तेही अतिशय उदार आहे, वॉटरमार्कशिवाय ४के यूएचडीपर्यंत एक्सपोर्ट देतं. फक्त स्टुडिओवाला एखादा इफेक्ट चुकून लावलात तर चित्रावर वॉटरमार्क येतो. विंडोज ११ सोबत येणारं क्लिपचॅम्प हा तिसरा प्रकार. मोफतमध्ये १०८०पी मिळतं, पण मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि त्यातली काही गाणी, काही इफेक्ट पैसेवाले असतात. चौथा प्रकार म्हणजे फिल्मोरासारखी. ती ‘ट्राय करून बघा’ म्हणून मिळतात. सगळं एडिट करू देतात आणि एक्सपोर्टच्या वेळी चित्रावर स्वतःचं नाव छापतात. तीन तास काम झाल्यावर हे कळतं, म्हणून लोक चिडून विकत घेतात. हा धंद्याचाच भाग आहे, त्यात लपवाछपवी काही नाही, पण तुम्हाला वर्षभरासाठी फुकट हवंय तर हा प्रकार बाजूला ठेवा.

फोनवरची एडिटिंग अ‍ॅप रविवारच्या बारा मिनिटांसाठी मी सुचवणार नाही. रील कापायला ती छान आहेत. पण त्यातला प्रोजेक्ट बहुतेक वेळा त्या अ‍ॅपच्याच पोटात राहतो, बाहेर काढता येत नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं लोकप्रिय अ‍ॅपही होतं. अर्धवट प्रोजेक्ट फक्त अशा अ‍ॅपमध्ये असणाऱ्याची काय अवस्था होते ते लक्षात येईल. आणखी एक: पैसेवाल्या सॉफ्टवेअरची क्रॅक आवृत्ती कोणी पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली तर घेऊ नका. ज्या लॅपटॉपवर घरची बँकिंगची कामं होतात त्यावर तर मुळीच नाही. शॉटकट थेट shotcut.org वरून, केडेनलाइव्ह kdenlive.org वरून उतरवा. गुगलवर नाव टाकलं की वर ज्या जाहिराती येतात त्यांच्यावर क्लिक करू नका, तिथे मूळ संकेतस्थळासारखी दिसणारी भलतीच दुकानं असतात.

आता रिझॉल्व्ह नको का म्हणालो. ते मुळात कलर ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्याच्या, व्यावसायिक यंत्रणेतून आलेलं आहे आणि जवळजवळ सगळं काम ग्राफिक्स कार्डावर टाकतं. १६ जीबी रॅम आणि स्वतःची मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड ही त्याची किमान सोय समजा. तुमच्याकडे ८ जीबी आहे आणि त्यातलीच थोडी इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स खातं. सॉफ्टवेअर उघडेल. पहिल्या दोन क्लिप चालतीलही. मग शीर्षक टाकलं, रंग थोडा उजळला, की प्लेबॅक अडखळायला लागेल आणि कधीतरी जीपीयू मेमरी भरली असा संदेश येईल. शिकणाऱ्याला तेव्हा वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. लॅपटॉप बदलाल तेव्हा रिझॉल्व्ह जरूर बघा, त्याच्याइतकी ताकद फुकटात दुसरीकडे नाही. पण एखादा लिनक्सवाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: तिथे मोफत रिझॉल्व्हमध्ये एच.२६४ हा फोनच्या व्हिडिओचा नेहमीचा प्रकार चालत नाही आणि त्यातला एएसी प्रकारचा आवाजही नाही. म्हणजे फोनची फाइल आधी बदलून घेतल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

मुख्य तपासणीकडे येऊ. पहिल्या खऱ्या एपिसोडला हात लावायच्या आधी एक खोटा एपिसोड करायचा. दोन मिनिटांचा, फेकून देण्यासाठी. पण शूटिंगपासून यूट्यूबच्या फाइलपर्यंत सगळ्या पायऱ्या त्यात आल्या पाहिजेत. त्यासाठी नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात, आई गॅसजवळ उभी असताना एक सलग क्लिप घ्या. ही क्लिप मुद्दाम लांब घ्या, बारा मिनिटांची. आणि सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. ही टाळी काय कामाची ते आत्ता कळेल.

फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं लिहिलेलं असतं, पण तो काटेकोर तेवढ्याच घेतो असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो फ्रेममधलं अंतर थोडं कमी-जास्त करतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. मोबाइलवर बघताना काही कळत नाही, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचत जातो. एडिटरला मात्र एकसारखी पावलं हवी असतात. समजा तुमच्या क्लिपचा सरासरी वेग ३० नसून २९.९५ आहे. १२ मिनिटांत ७२० सेकंद, म्हणजे २१,५६४ फ्रेम. एडिटरने त्या सेकंदाला ३० अशा धरल्या तर चित्र ७१८.८ सेकंदांत संपेल. आवाज मात्र पूर्ण ७२० सेकंदांचा. शेवटाकडे आवाज सव्वा सेकंद मागे पडलेला असेल. आई ‘आता मोहरी टाकूया’ म्हणेल तेव्हा मोहरी केव्हाच तडतडून झालेली. सुरुवातीला सगळं बरोबर दिसतं, म्हणून दोन मिनिटांची क्लिप टाकून तपासलं तर हा दोष सापडतच नाही. शेवटच्या टाळीचा आवाज आणि हात एकत्र येतात का, हे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरात क्लिपा मांडायच्या पट्टीवर, मोठं करून बघा. एकत्र आले तर काळजी नको.

फाइलची जात आधीच बघायची असेल तर मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्यात `Frame rate mode` समोर `Variable` दिसलं तर समजून जायचं. शॉटकट मला आवडतं त्याचं एक कारण इथे आहे. अशी क्लिप टाकली की ते स्वतःहून विचारतं, ही एडिटिंगला सोयीची करून घेऊ का? होकार द्या. तिथे तीन दर्जे दिसतात. पहिला, साधा एच.२६४चा, तुमच्या कामाला पुरतो. मधला दर्जा उत्तम आहे पण मिनिटाला दीड जीबीच्या आसपास जागा खातो, म्हणजे बारा मिनिटांच्या एका क्लिपला वीसएक जीबी. लॅपटॉपची एसएसडी २५६ जीबीची असेल तर दोन रविवारांत गळा आवळला जाईल. केडेनलाइव्हही अशी क्लिप ओळखून बदलून देऊ करतं. ज्या एडिटरात ही सोय नाही त्यात ही फाइल आधी बाहेर बदलून घ्यावी लागते. हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` निवडून ते होतं, किंवा कमांड चालवायची भीती वाटत नसेल तर एफएफएमपेग बसवून असं:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k clip_30.mp4
```

एवढ्याशा कामासाठी दर रविवारी वेगळी पायरी वाढवायची की नाही, हा एडिटर निवडण्यातला खरा प्रश्न आहे. फीचरच्या यादीत तो कधीच दिसत नाही.

याच क्लिपवर दुसरी गोष्ट बघून घ्या. आजकालचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी म्हणजे एच.२६५मध्ये रेकॉर्ड करतात. फाइल निम्मी होते, पण उलगडताना प्रोसेसरला घाम फुटतो. टाइमलाइनवर प्ले केलं आणि चित्र फोटोंसारखं एकेक उडी मारत गेलं तर कारण बहुधा हेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिएन्सी’सारखा पर्याय असेल तर बंद करा. आयफोनवर कॅमेऱ्याच्या `Formats` मध्ये `Most Compatible` ठेवा आणि रेकॉर्डिंगमधला `HDR Video` बंद करा, नाहीतर साध्या एडिटरात वरणाचा पिवळा रंग भलताच फिकट किंवा जळका दिसतो. रिझोल्युशन १०८०पी ठेवा. ४केचा मोह या लॅपटॉपवर परवडणार नाही, आणि पाककृती बहुतेक लोक फोनवर, भाजी ढवळता ढवळता बघतात.

एवढं करूनही प्लेबॅक जड वाटला तर शॉटकटच्या `Settings` मध्ये `Preview Scaling` आहे. त्यात ३६०पी निवडा, शिवाय `Proxy` चालू करा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. काम नकलेवर होतं, एक्सपोर्ट मूळ फाइलमधून. केडेनलाइव्हमध्येही हे आहे. प्रॉक्सी नसलेला एडिटर कमी ताकदीच्या लॅपटॉपवर दर आठवड्याच्या कामासाठी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो, ती सॉफ्टवेअरच्या माथी मारू नका. स्वयंपाकघरातल्या काही ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, आणि शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पट्ट्या येतात. कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवता आलं तर त्या जातात. कोणताही मोफत एडिटर नंतर हे नीट पुसून देत नाही.

मग प्रोजेक्टचा वेग. शॉटकटमध्ये `Video Mode` मुळात `Automatic` असतो. म्हणजे टाइमलाइनवर पहिली क्लिप जी पडेल तिच्या मापाचा अख्खा प्रोजेक्ट होतो. पहिलीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली उभी असली की प्रोजेक्टच उभा. पुढे वेग बदलायला गेलात की कापलेल्या जागा सरकतात. म्हणून क्लिप टाकायच्या आधी तिथे १०८०पी, ३० फ्रेम असं हाताने ठरवून घ्यायचं. हा शॉटकटचाच दोष म्हणून सांगत नाही. रिझॉल्व्हमध्येही क्लिप आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट कुलूपबंद होतो. कुठल्याही एडिटरात हे सेटिंग नेमकं कुठे आहे, ते पहिल्या दिवशी शोधून ठेवावं.

आता मराठी. इंग्रजीत एडिटिंग करणाऱ्यांच्या सल्ल्यात हा मुद्दा येत नाही आणि आपल्यासाठी तोच निकाल लावणारा असतो. शीर्षकाच्या खोक्यात ही ओळ टाइप करा:

दुसऱ्या पद्धतीची कोथिंबीर वडी, आज्जीच्या हातची

आता नीट बघा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आडव्या रेघेसारखा दिसतोय का, की पायमोडका र आणि शेजारी सुटा य आलाय? ‘कोथिंबीर’मधली पहिली वेलांटी थच्या आधी आहे का, की नंतर गेलीय? ‘पद्धती’तलं द्ध जोडलेलं आहे का? ‘ज्जी’ नीट बसलंय का? देवनागरीत अक्षरं टाइप करायचा क्रम आणि दिसायचा क्रम वेगळा असतो. ते जुळवून मांडण्याचं काम सॉफ्टवेअरमधल्या एका वेगळ्या भागाचं. तो भाग कच्चा असेल तर हीच ओळ विस्कटते आणि फॉन्ट कितीही बदलले तरी सुधारत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्हीमध्ये मला देवनागरी नीट मिळत आलेली आहे. रिझॉल्व्हमध्ये साधं `Text` आणि `Text+` असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांचं वागणं एकसारखं असेल असं धरून चालू नका, तुमच्या आवृत्तीत दोन्ही तपासा. शिवाय ही ओळ स्थिर ठेवून भागत नाही. तिच्यावर हळूच येण्याचा किंवा अक्षर-अक्षर उमटण्याचा इफेक्ट लावून बघा. टाइपरायटर पद्धतीचे इफेक्ट अक्षरं सुटी मोजतात, आणि मग वेलांटी आधी उमटते, अक्षर मागून येतं. आपल्याकडे त्या इफेक्टच्या नादी न लागलेलंच बरं.

तुम्ही जर एखाद्या डीटीपीवाल्या मित्राकडून जुना श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखा फॉन्ट घेतला असेल तर तो इथे वापरू नका. त्यात टाइप केलेलं मुळात इंग्रजी अक्षरांचंच असतं, फक्त चित्र मराठी दिसतं. शीर्षकात ते खपून जाईल. पण पुढे सबटायटलची एसआरटी फाइल यूट्यूबला दिलीत की तिथे अगम्य इंग्रजी कचरा दिसेल. युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपने केलेले मोफत फॉन्ट पाककृतीच्या शीर्षकांना छान शोभतात. फॉन्टची फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये एक प्रत म्हणून ठेवा. लॅपटॉप बदलला आणि फॉन्ट नसला की सॉफ्टवेअर मुकाट्याने दुसराच फॉन्ट लावतं आणि तुमच्या ओळी चौकटीबाहेर जातात.

आता खोटा एपिसोड पुरा करा. बारा मिनिटांच्या क्लिपमधून शेवटच्या टाळीसकट दोन मिनिटं कापून घ्या. त्यात चार-पाच कट, एक शीर्षक, साहित्याची एक यादी, खाली हलकं संगीत, आणि जिथे आई बोलते तिथे संगीत कमी. बस, तुमच्या दर आठवड्याच्या एपिसोडात याहून वेगळं काही नसणार. संगीत सॉफ्टवेअरच्या आतून मिळालं असेल तर त्याची परवानगी वेगळी तपासा. एडिटर फुकट आहे म्हणजे त्यातलं गाणं यूट्यूबवर चालेलच असं नाही. मी तर संगीत यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्या म्हणेन.

मग एक्सपोर्ट. शॉटकटमध्ये `Export` उघडून `YouTube` हा तयार पर्याय निवडा. घड्याळ लावा. दोन मिनिटांना पाच मिनिटं लागली तर बारा मिनिटांना अर्धा तास धरायचा, आणि तेवढ्या वेळात लॅपटॉपवर दुसरं काही करता येईल का तेही बघायचं. तयार झालेली फाइल लॅपटॉपवर बघू नका, फोनवर पाठवा आणि तिथे शेवटपर्यंत बघा. कोपऱ्यात कुणाचं नाव आलंय का? दोन कटांच्या मध्ये काळी फ्रेम चमकते का? ती चमकली तर टाइमलाइनवर बारीक फट राहिली आहे. साहित्याची यादी फोनच्या पडद्यावर वाचता येते का? संगीताखाली आईचा आवाज दबतो का? लॅपटॉपच्या स्पीकरवर जे बरोबर वाटतं ते फोनवर हमखास वेगळं ऐकू येतं.

इथपर्यंत बहुतेक लोक तपासतात. पुढची तपासणी कोणी करत नाही आणि वर्षभराच्या कामात तीच लागते. हा प्रोजेक्ट महिन्याभराने उघडेल का? उघडावा तर लागतोच. कोणीतरी कमेंटमध्ये सांगतं की यादीत मीठच नाही, किंवा दिवाळीला जुन्या सहा भागांतून एक फराळ स्पेशल काढायचा असतो. एडिटरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे, नुसती कापाकापीची चिठ्ठी असते. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, वर काय लावलं, एवढंच त्यात लिहिलेलं. मूळ क्लिप जिथे होती तिथून हलली की चिठ्ठी निरुपयोगी.

म्हणून मुद्दाम हे करा. `bhag_00` असा एक फोल्डर, त्यात क्लिप, संगीत, फॉन्ट आणि प्रोजेक्ट फाइल सगळं एकत्र. आता सॉफ्टवेअर बंद करा. अख्खा फोल्डर उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा, तिथून प्रोजेक्ट उघडा. शॉटकटची `.mlt` आणि केडेनलाइव्हची `.kdenlive` ही साधी मजकुराची फाइल असते, क्लिप त्याच फोल्डरात असल्या की सहसा मुकाट उघडते. नाहीतर हरवलेल्या फाइलींची यादी पुढे येते आणि एकेक दाखवून द्यावी लागते. रिझॉल्व्हचं वेगळं. त्याचे प्रोजेक्ट स्वतःच्या लायब्ररीत असतात, फोल्डरमध्ये शोधायला गेलात तर मिळत नाहीत. तिथे क्लिपांसकट `.dra` अशी बांधणी करून काढायची, नुसत्या `.drp`मध्ये क्लिप येत नाहीत. वाईट पद्धत नाही ती, पण माहीत नसेल तर फॉरमॅट मारल्यावर वर्षाचं काम जातं.

जागेचा हिशोबही याच वेळी करा. १०८०पीचं साधं रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे १३० एमबी होतं. एका भागासाठी ४० मिनिटं शूट झालं तर ५ जीबीच्या जरा वर. वर्षाचे ५२ रविवार धरले तर २७० जीबी नुसतं कच्चं शूट. बदलून घेतलेल्या क्लिपा आणि प्रॉक्सी वेगळ्याच. भाग चढवून झाला की प्रॉक्सी उडवा, मूळ क्लिपा, बदललेल्या नकला आणि प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर ठेवा. बदललेल्या नकला उडवल्या तर प्रोजेक्ट त्याच मागेल, हे लक्षात असू द्या. मी भागाची शेवटची फाइल आणि मूळ क्लिपा कायम ठेवतो. नकला मात्र तीन महिन्यांनी काढतो, कारण दुरुस्त्या येतात त्या तेवढ्या काळातच.

शॉटकट घेतल्यावर कुठे अडेल तेही सांगतो, म्हणजे नंतर फसवलं वाटणार नाही. तयार झगमगीत टायटल टेम्प्लेट फारसे मिळणार नाहीत. पुढे दोन फोन लावून शूट कराल, एक वरून कढईवर आणि एक समोरून, तेव्हा दोन्ही क्लिपा एकाखाली एक ठेवून हाताने कापाव्या लागतील. दोन कॅमेऱ्यांचं काम दर आठवड्याचंच होणार असेल तर केडेनलाइव्हकडे वळा, त्यात मल्टिकॅमची सोय आहे. मात्र त्याचा पडदा पहिल्यांदा बघताना जास्त गजबजलेला वाटतो. दोन्ही एकाच मुळावर, एमएलटी नावाच्या इंजिनवर चालतात, त्यामुळे एकात शिकलेलं दुसऱ्यात बऱ्यापैकी उपयोगी पडतं. पण एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्यात जसाच्या तसा उघडेल अशी आशा ठेवू नका. एडिटर बदलायचा तर चालू भाग संपवून नवीन भागापासून बदलायचा, जुने भाग जुन्यातच राहू द्यायचे. आणि म्हणूनच जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जपून ठेवावा.

अपडेटचंही तसंच. शनिवारी रात्री एडिट अर्धवट असताना ‘नवीन आवृत्ती आली आहे’ असं दिसलं तर दुर्लक्ष करा. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडेलच असं नाही, रिझॉल्व्हमध्ये तर एकदा वर गेलेला प्रोजेक्ट खाली आणता येत नाही. भाग चढला, सोमवार उजाडला, की मग अपडेट करा आणि तोच दोन मिनिटांचा खोटा एपिसोड उघडून शेवटची टाळी आणि कोथिंबीर वडीची ओळ पुन्हा एकदा बघा. म्हणजे मघाशी फेकून द्यायचा म्हणालो तो फोल्डर खरं तर फेकू नका.